सई, तुझ्या फोटोतलं नाण्यांचं गणित

सई, फोटो मिळाला. रकमेच्या शेवटच्या अंकावर तुझ्या बोटाची सावली पडलीय, त्यामुळे 485 की 486 ते दिसत नाही. पण ते विचारायची गरज नाही. सगळी नाणी पाचची आणि दहाची, मग बेरजेच्या शेवटी 5 किंवा 0 च येणार. म्हणजे 485.

तर गणित असं: गल्ल्यात 5 आणि 10 रुपयांची मिळून 68 नाणी आहेत, रक्कम 485 रुपये. प्रत्येक प्रकारची किती?

तू खाली पेन्सिलने पाचची 29 आणि दहाची 39 असं उत्तर काढलंयस. पडताळा घे: 145 आणि 390, झाले 535. पन्नास रुपये जास्त! तुझी आकडेमोड मात्र एकदम बरोबर आहे, एकही वजाबाकी चुकलेली नाही. चूक सुरुवातीलाच झालीय. वर पाचच्या नाण्यांना x म्हटलंस आणि दुसऱ्या समीकरणात 10x + 5y लिहिलंस. म्हणून x म्हणजे काय ते नेहमी पूर्ण वाक्यात लिही: "5 रुपयांच्या नाण्यांची संख्या x मानू." नुसतं "पाचची = x" लिहिलं की पुढे घोळ होतो.

आता समीकरणं:

```
x + y = 68       (नाण्यांची संख्या)
5x + 10y = 485   (रुपये)
```

दुसऱ्याला 5 ने भागलं की x + 2y = 97. त्यातून पहिलं वजा कर, x चा लोप होतो आणि y = 29. मग x = 39. पडताळा: 195 + 290 = 485. जमलं.

आता मला फार आवडणारी गोष्ट सांगतो. समज, 68 च्या 68 नाणी पाचचीच आहेत. रक्कम होईल 340, म्हणजे 145 कमी पडतात. पाचचं एक नाणं काढून दहाचं ठेवलं की 5 रुपये वाढतात. मग किती नाणी बदलायची? 145 भागिले 5, म्हणजे 29. तुम्हाला दहावीत क्रेमरची पद्धत आहे ना, तिने करून बघ:

```
D  = 1×10 − 1×5   = 5
Dy = 1×485 − 5×68 = 145
y  = 145/5 = 29
```

तोच 145, तोच 5! निश्चयक म्हणून तू जे पाठ करतेस, ते इथे कमी पडलेले पैसे आहेत आणि एका नाण्याच्या बदलीतली वाढ. हे मला शाळेत कुणी दाखवलं नव्हतं, म्हणून तुला आवर्जून सांगतोय.

त्याच पानावर खाली तिकिटांचं गणित आहे: मोठ्यांचं 40 रुपये, मुलांचं 25, एकूण तिकिटं 120, जमा 4050. आधी सगळी मुलांचीच धरून बघ, मग समीकरणं मांड. संध्याकाळपर्यंत उत्तर पाठव, पडताळ्यासकट. आणि फोटो काढताना वही खिडकीपाशी धर.

— मामा