शाळा प्रवेशासाठी रहिवासी दाखला मिळणेबाबत अर्ज

दिनांक : २० जून २०२५

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक) साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, पिंपरखडा,
ता. केज, जि. बीड

अर्जदार : सौ. संगीता अंकुश खाडे, रा. पिंपरखडा, मिळकत क्र. १८७

विषय : मुलगी कु. वैष्णवी अंकुश खाडे हिच्या इयत्ता पाचवीच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला मिळणेबाबत (दुसरा अर्ज)

महोदय,

वरील विषयी विनंती अर्ज करते की, माझी मुलगी वैष्णवी आपल्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतून चौथी पास झाली आहे. गावात शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे तिला केजच्या माध्यमिक शाळेत पाचवीला घालायचे आहे. प्रवेश अर्ज भरला आहे, गुणपत्रक आणि टीसी जमा केली आहे. फक्त रहिवासी दाखला राहिला आहे. अर्जावर रहिवासी दाखल्याच्या रकान्यापुढे शाळेच्या क्लार्कनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे आणि ३० जूनपर्यंत ते खोडून द्या, असे सांगितले आहे.

याच कामासाठी मी ६ जूनला छापील नमुन्यात अर्ज दिला होता. त्यानंतर १० आणि १७ तारखेला कार्यालयात आले. आपल्याकडे दोन गावांचा कारभार आहे, मंगळवार-शुक्रवारीच इकडे येणे होते, हे मला माहीत आहे. त्या दोन्ही मंगळवारी आपण पंचायत समितीत मीटिंगला होता, त्यामुळे भेट झाली नाही. कार्यालयात जे होते त्यांच्याकडून मला दोन उत्तरे मिळाली. पहिल्या वेळी सांगितले, "घरपट्टी थकलीय, आधी ती भरा." दुसऱ्या वेळी सांगितले, "तुम्ही सहा महिने कारखान्यावर असता. गावात ऱ्हाता कुठं? रहिवासी कसं लिहायचं?" छापील अर्जात एवढे सगळे लिहायला जागा नव्हती, म्हणून हा अर्ज हाताने लिहून देत आहे. थोडा लांबला आहे, त्याबद्दल माफी असावी. पण भाऊसाहेब, आपण गेल्या वर्षी बदलून आलात. आमचे घर आपल्याला माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

घरपट्टीचे आधी लिहिते. दोन वर्षांची घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून १,८४० रुपये थकले होते, ही आमची चूक आहे. १३ जूनला बचत गटातून उचलून सगळी रक्कम भरली. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आता आमच्याकडे ग्रामपंचायतीची कसलीही बाकी नाही.

घर सासरे कै. भीमराव खाडे यांच्या नावावर आहे. ते २०२१ मध्ये वारले, मृत्यूचा दाखला आपल्याच कार्यालयातून मिळालेला आहे. वारसाची नोंद करायची राहिली, त्यामुळे नमुना आठच्या उताऱ्यावर माझे किंवा मालकांचे नाव नाही. तो अर्ज वेगळा देणार आहे. त्यात भावकीच्या सह्या लागतात आणि दोन दीर सध्या पुण्यात आहेत, म्हणून त्याला वेळ लागेल. मुलीच्या प्रवेशाला तेवढा वेळ नाही. उताऱ्यावर आजोबांचे नाव, रेशनकार्डावर आजोबा, आजी, आम्ही दोघे आणि वैष्णवी, असा सरळ धागा लागतो. तो पाहावा, ही विनंती.

आता मुख्य अडचण. मुलीचा जन्म १२ जानेवारी २०१५ चा, फडावरचा. आम्ही त्या वर्षी वाळवा तालुक्यात, सांगली जिल्ह्यात ऊसतोडीला होतो. दिवस भरत आले होते तरी उचल घेतलेली असल्यामुळे मागे राहता आले नाही. जन्माची नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत झाली आणि पुढे तिचे आधार कार्डही तिकडेच एका हंगामात कॅम्पमध्ये काढले, त्यावर तिकडचाच पत्ता पडला. शाळेतले म्हणतात, जन्म सांगलीचा, आधार सांगलीचे, मग मुलगी केज तालुक्यातली कशी? आधारवरचा पत्ता बदलायला गेले तर तिथेही रहिवासाचा पुरावा मागतात. म्हणजे दाखल्याशिवाय आधार नाही आणि आधारशिवाय दाखला नाही. यातून सुटायला आपल्या सहीचाच आधार आहे.

आम्ही गावात राहतो की नाही, याबद्दल जे खरे आहे ते लिहिते. दसरा-दिवाळीला टोळी निघते आणि पट्टा पडला की आम्ही परत येतो. या वर्षी पाडव्याच्या आठ दिवस आधी आलो. तिकडे आमचे घर नाही, कोपी असते. कारखाना जिथे टोळी टाकेल तिथे चार बांबू आणि पाचट उभे करायचे, हंगाम संपला की मोडायचे. त्या कोपीला घर नंबर नाही, रेशनकार्ड नाही, मतदान नाही. दोन वर्षे लागोपाठ एकाच गावाच्या शिवारात राहिलो असेही झालेले नाही. मग तिकडचे रहिवासी म्हणून आम्हाला कोण दाखला देईल? आणि इकडेही मिळाला नाही, तर आम्ही नेमके कुठले, हे कोणाला विचारायचे?

ऊसतोड कामगारांची नोंदणी झाली तेव्हा मालकांना आणि मला ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र याच कार्यालयातून मिळाले आहे. त्यावर आपल्या आधीच्या ग्रामसेवकांची सही आणि पिंपरखडा ग्रामपंचायतीचा शिक्का आहे. त्यावर गाव पिंपरखडाच लिहिले आहे. आम्ही कामाला बाहेर जातो हे ज्या कार्यालयाने लिहून दिले, त्याच कार्यालयाने आम्ही या गावचे आहोत हेही त्याच कागदावर लिहिले आहे. १३ मे २०२४ ला लोकसभेचे मतदान आम्ही दोघांनी गावच्या शाळेतल्या केंद्रावर केले. नोव्हेंबरात विधानसभेला आम्ही फडावर होतो, तर मतदानासाठी गाडी पाठवून आम्हाला इथे आणले होते. त्या दिवशी आम्ही गावचे आहोत का, असे कोणी विचारले नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, मनात आले म्हणून लिहिले.

मुलगी तर आमच्यापेक्षा जास्त गावात राहिलेली आहे. पहिलीच्या वर्षी, २०२१ ला, शाळा नीट सुरू नव्हत्या आणि सासरे नुकतेच गेले होते, म्हणून तिला बरोबर नेले होते, हे खोटे सांगत नाही. पण दुसरी, तिसरी आणि चौथी अशी तिन्ही वर्षे ती हंगामात इथेच होती. जेवण शाळेच्या हंगामी वसतिगृहात आणि रात्री झोपायला आजीजवळ. हजेरीपट शाळेत आहे. मुख्याध्यापक गुरुजींनी तसे पत्र दिले आहे, तेही सोबत जोडले आहे. चौथीत तिची हजेरी वर्गात सगळ्यात जास्त आहे. आम्ही फडावरून रविवारी फोन करायचो, तेव्हा ती पाढे म्हणून दाखवायची आणि मध्येच विचारायची, "आई, अजून किती खेपा राह्यल्या?"

आता सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसते. पुढच्या हंगामात मुलगी त्यांच्या भरवशावर ठेवता येणार नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह आहे, तिथे पाचवीपासून मुली घेतात असे गुरुजींनी सांगितले. तिथला अर्जही शाळेत प्रवेश झाल्यावरच भरता येईल. वसतिगृह मिळेपर्यंत ती एसटीने जाईल. मुलींना पास मोफत आहे, पण त्याचाही अर्ज शाळेतूनच जातो. म्हणजे शाळा, पास, वसतिगृह हे सगळे या एका कागदावर अडले आहे. हा कागद मिळाला नाही, तर दिवाळीला तिला आमच्याबरोबर न्यावे लागेल. फडावर दहा वर्षांची मुलगी मोकळी बसत नाही. ती वाढं बांधायला लागते, मग धाकट्यांना सांभाळायला, आणि दोन-तीन वर्षांत तिच्या हातात कोयता येतो. माझ्याही हातात असाच आला. मी दहावीची परीक्षा दिली आहे, पण निकाल मला फडावर कळला.

रहिवासी दाखला आता बंद झाला, स्वतःचे स्वयंघोषणापत्र द्या, असेही मला एकदा सांगण्यात आले. मी ते लिहून शाळेत दिले होते. शाळेतले म्हणाले, जन्म आणि आधार दुसऱ्या जिल्ह्यातले आहे म्हणून फक्त तुमच्या सहीवर चालणार नाही, पंचायतीचा शिक्का आणा. तरी 'रहिवासी दाखला' या नावाने देता येत नसेल, तर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, दप्तरातील नोंदी व स्थानिक चौकशीवरून खाडे कुटुंब मिळकत क्र. १८७ मध्ये राहते आणि कु. वैष्णवी या कुटुंबातील आहे, एवढे लिहून दिले तरी शाळेला चालेल. मी तसे विचारून घेतले आहे. चौकशीसाठी पोलीस पाटील, मुख्याध्यापक गुरुजी आणि आमच्या दोन्ही बाजूंचे शेजारी यायला तयार आहेत. आपण घरी येऊन पाहिले तर फारच बरे होईल. मारुतीच्या पाराकडून खाली उतरले की डाव्या हाताचे तिसरे पत्र्याचे घर. दारात ट्रॅक्टरचे जुने टायर आहे, त्यात मुलीने तुळस लावली आहे.

दाखल्यात मुलीचे नाव "वैष्णवी अंकुश खाडे" असेच यावे, टीसीवर तसेच आहे. आधार कार्डावर "वैश्नवी" असे पडले आहे, ते पाहून लिहू नये, नाहीतर पुन्हा नवीन अडचण होईल.

दाखला शुक्रवार दि. २७ जूनपर्यंत मिळावा, कारण नंतर शनिवार-रविवार आहे आणि सोमवारी शेवटची तारीख. त्या दिवशी मी सकाळी दहाला कार्यालयात येऊन बसेन. जी फी असेल ती भरते, पावती मिळावी. काही कारणाने दाखला देता येत नसेल, तर ते कारण याच अर्जावर लिहून सही करून द्यावे, म्हणजे मला गटविकास अधिकारी साहेबांकडे जाता येईल. तशी वेळ येऊ नये अशीच इच्छा आहे. आपण गावात नवीन आहात आणि आमचा आपल्याशी काही वाद नाही.

या अर्जाची पोच दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
सौ. संगीता अंकुश खाडे
(सही)

सोबत : रेशनकार्ड, नमुना आठचा उतारा, १३ जूनची घरपट्टी-पाणीपट्टी पावती, सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, दोघांची मतदान कार्डे व ऊसतोड कामगार ओळखपत्रे, मुलीचा जन्म दाखला, आधार कार्ड व टीसी यांच्या झेरॉक्स, मुख्याध्यापकांचे पत्र (मूळ), स्वयंघोषणापत्राची प्रत, ६ जूनच्या अर्जाची प्रत. मूळ कागद माझ्याकडे आहेत, मागितल्यास दाखवीन.