सुजाताला, निकालाची गडबड संपल्यावर

सुजाता,

लगेच उत्तर द्यायला पाहिजे असं काही नाही, हे आधी सांगतो. सावकाश वाच.

भाऊबीजेनंतर आपण बोललेलो नाही. गॅसचा ओटीपी तुझ्या मोबाईलवर येतो, तेवढे आकडे तू पाठवतेस आणि मी ‘मिळाला’ लिहितो. मागच्या वेळी सिलिंडरवाला दारात उभा होता आणि तू वर्गावर असणार, तरी आकडे लगेच आले. पुढे दोन शब्द लिहावेसे वाटले होते. पण गॅसच्या आडून विचारपूस करणं बरं दिसलं नसतं.

गुढीपाडव्यालाही लिहून ठेवलं होतं. सणाच्या दिवशी माणूस भिडेखातर गोड बोलतो, म्हणून पाठवलं नाही. मग तुझ्या परीक्षा आल्या, पेपर आले. आता १ मेचा निकाल वाटून झालाय. हेही रात्रीच लिहून झालं होतं, पण अकराला तुझा फोन वाजला असता तर घरातले दचकले असते. म्हणून सकाळी पाठवतोय.

‘बदली म्हणजे माहेरी राहायचं निमित्त’ हे मी दादांसमोर बोललो. तसं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. तू अर्ज भरलास तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. सातारा मिळणार नाही असं धरूनच ‘भर’ म्हणालो. मिळाल्यावर राग तुझ्यावर काढला. त्याबद्दल माफी मागतो. दादांचीही मागेन, पण तुला चालणार असेल तरच.

तुझीही एक गोष्ट मला लागली आहे. ती इथं लिहीत नाही, लिहिली की उणंदुणं सुरू होतं. समोर बसून सांगेन, तूही तुझं सांग.

सांगलीला ये म्हणत नाही. साताऱ्याला मीही येत नाही, तिथं सगळे चहा घेऊन भोवती बसतील. मधे कराडला भेटू, तासभर. प्रीतिसंगमावर बाग आहे, निवांत बसता येतं. (नावावर जाऊ नकोस, दुसरी जागा सुचली नाही.) घरी कुणाला सांगितलेलं नाही. आई विचारते तेव्हा ‘तिला काम आहे’ म्हणतो. तिला ते पटत नाही, पण गप्प बसते.

निळ्या टिक दिसल्या तरी मी फोन करणार नाही. भेटायचं नसेल तर ‘नको’ लिही, मी मागे लागणार नाही. नुसता अंगठा मात्र पाठवू नकोस, त्याचा अर्थ मला लागत नाही.

हळदीचे सौदे चालू आहेत, त्यामुळे मला रविवार बरा. तुला दुसरा वार सोयीचा असेल तर आदल्या दिवशी सांग, दुकानात रजा टाकतो. शाळा उघडायच्या आत कधीही.

संदीप