केतकी, तुझा मेसेज वाचला

केतके,

काल रात्री 11 वाजता पाठवलेला तुझा मेसेज मी आज सकाळी दादरच्या पुलावर वाचला. इराला झोपवता झोपवता मीच झोपून गेले होते. "मृणा, आमच्या दोघांचे तीन होणार आहेत. घरच्यांशिवाय अजून कोणाला सांगितलं नाहीये." एवढंच लिहिलं होतंस. मी होते तिथेच उभी राहिले. मागून एक बाई "ओ ताई, पुढे सरका ना" म्हणत खांदा लावून गेली, तरी मला हलायचं सुचेना. कठड्याला टेकून परत वाचलं आणि डोळे भरून आले.

काय सांगू गं किती आनंद झालाय! दिवसभर ऑफिसात मध्येच हसू येत होतं. शेजारच्या टेबलावरून "आज काय विशेष?" म्हणून विचारलंसुद्धा. मी म्हटलं, पाऊस छान पडतोय. तो खरंच छान पडत होता.

लगेच फोन लावणार होते. मग वाटलं, तू फोन न करता लिहून पाठवलंस, म्हणजे बोलायचं कधी ते तूच ठरवशील. म्हणून मीही लिहितेय. रात्री जाग आली तर वाच, नाहीतर रविवारी वाच. उत्तराची घाई नाही.

पुलावरून पश्चिमेला उतरले ती सरळ फुलबाजारात गेले. सोनचाफा आलाय सध्या. ओल्या पानात गुंडाळलेली पाच फुलं घेतली. मनात होतं की संध्याकाळी तशीच तुझ्याकडे घेऊन यावीत. पण तुला सध्या कोणता वास चालतोय, कोणता नाही, मला काय माहीत! आणि न सांगता दारात येऊन उभं राहणं आत्ता बरं नाही. म्हणून ती माझ्याच स्वयंपाकघरात काचेच्या पेल्यात ठेवलीत, ओट्यावर, खिडकीपाशी. हे लिहिताना वास येतोय. तुझ्या नावाची आहेत, एवढं लक्षात असू दे.

बातमी माझ्यापाशीच आहे. समीरलाही सांगितलेलं नाही. तो काही बोलणार नाही हे मला माहितीये, पण तू मला सांगितलंस, आम्हाला नाही. आईचा दुपारी फोन आला होता, "केतकी कशी आहे गं, बऱ्याच दिवसांत आली नाही" म्हणाली. मी म्हटलं, मजेत आहे. आईला तुझ्याच तोंडून ऐकू दे, तुला वाटेल तेव्हा.

आठवतं ना, रुईयात टीवायला असताना मी समीरबद्दल फक्त तुला सांगितलं होतं? आठ महिने तू ते पोटात ठेवलंस. माझ्या आईने तुला एकदा फोनवर सरळ विचारलं, तेव्हा "काकू, ते तुम्ही मृणालाच विचारा" म्हणालीस. खोटं बोलली नाहीस आणि माझं गुपितही फोडलं नाहीस. मला तेव्हा त्याचं मोल कळलं नव्हतं, आता कळतं.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. इराच्या वेळी बाबांना मला स्वतः जाऊन सांगायचं होतं. ते तेव्हा कोल्हापूरला काकांकडे होते, शनिवारी परत येणार होते. मी त्यांच्यासाठी पुरणपोळीचा घाट घातला होता. पण आमच्या इमारतीतल्या एकीने कोणाकडून तरी ऐकलं आणि शुक्रवारीच बाबांना फोन करून अभिनंदन केलं. शनिवारी मी दार उघडलं तर बाबा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. ते खूश होते, फार खूश होते. पण "बाबा, तुम्ही आजोबा होणार" हे वाक्य माझ्या ओठांवरच राहिलं. सहा वर्षं झाली, अजून टोचतं. तुझ्या बाबतीत तसं माझ्याकडून होणार नाही.

ग्रुपवर गणपतीचं ठरतंय ते तू वाचलंस असणार. लालबागच्या रांगेत पहाटे जायचं, मग गिरगावात नाश्ता, असं काय काय चाललंय. तुझं यायचं आहे की नाही, हे मी तिथे विचारणार नाही आणि तुझ्या वतीने उत्तरही देणार नाही. तू "जमणार नाही" लिहिलंस आणि कोणी मागे लागलं, तर विषय बदलायचं काम माझं. तुला यायचंच असेल तर तशी ये, मी सोबत आहेच.

आता सल्ल्यांचं. मी एकदा या वाटेने गेलेय, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ साठलंय. ते गाठोडं बांधलेलंच राहू दे. मला आठवतं, तेव्हा लोकलच्या डब्यात अनोळखी बायकासुद्धा पपई खाऊ नको, ग्रहण सांभाळ, इथपासून सुरुवात करायच्या आणि माझं स्टेशन आलं तरी संपायचं नाही. प्रेमापोटीच सांगायच्या सगळ्या. पण घरी येऊन मी रडायचे, कारण प्रत्येकीचं ऐकलं की आपलं काहीतरी चुकतंय असंच वाटायचं. तुझं अंग, तुझे डॉक्टर, तुझं आणि निखिलचं घर. मुलगा की मुलगी याचे अंदाजही मी बांधणार नाही. 1994 च्या कायद्याने डॉक्टर सांगू शकत नाहीत, तरी पोटाच्या आकारावरून सांगणाऱ्या भेटतातच! तारीख, वजन, सोनोग्राफीत काय दिसलं, यातलं काहीही मी आपणहून विचारणार नाही. त्याचा अर्थ मला उत्सुकता नाही असा घेऊ नकोस. मरणाची उत्सुकता आहे. तू सांगशील तेव्हा तासभर ऐकेन.

फक्त एक, तेही तुला लागलं तर. आमच्या ऑफिसातल्या मॅटर्निटी लीव्हची कागदपत्रं मीच बघते. 2017 मध्ये 26 आठवड्यांची रजा झाली तेव्हापासूनचे सगळे अर्ज माझ्या हाताखालून गेलेत. तुझ्या ऑफिसात कधी सांगायचं, सांगायचं की थांबायचं, हे तू ठरव. त्यातलं काही समजून घ्यावंसं वाटलं तर विचार, नाहीतर हा परिच्छेद विसरून जा.

आणि कधी नुसतं कोणीतरी शेजारी बसलेलं हवं असेल, डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंत किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, तर हाक मार. मी येऊन बसेन. बोलायचं नसेल तर बोलणार नाही. कंटाळा आला, चिडचिड झाली, भीती वाटली, तर तेही माझ्यापाशी मोकळेपणी बोल. आनंदाची बातमी आहे म्हणून सतत आनंदीच दिसायला हवं, असं माझ्यापुढे तरी नाही.

डोहाळजेवण करणार असशील आणि मला बोलावणार असशील, तर चंद्रकोरीची हिरवी पैठणी मी आजच कपाटातून काढून उन्हात... ऊन कुठलं, पंख्याखाली टाकलीय. करणार नसशील तर ती गणपतीत नेसेन.

इराने आत्ता विचारलं, "आई, तू कोणाला एवढं मोठं लिहितेयस?" मी म्हटलं, केतकीमावशीला. ती म्हणाली, "माझ्याकडून तिला एक पापी." ती पाठवतेय. तिला बाकी काही माहीत नाही.

तुझी,
मृणा