अतिदक्षता विभागाबाहेरच्या पाट्या

तिसरा मजला, नातेवाइकांची खोली

आत शिरताच
पुण्यातल्या पाट्या बहुतेक वेळा काय करू नये तेच सांगतात. ही तसली नाही. बसा. पाय वर घेऊन बसलात तरी चालेल.

समोरच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत
आत काय होईल हे आम्हाला सांगता येत नाही, म्हणून "सगळं ठीक होईल" असं इथे लिहिलेलं नाही.
वाट बघणं अवघड असतं, हे मात्र आम्ही रोज बघतो.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर
डॉक्टर "आत्ता सांगता येत नाही" म्हणाले, की त्यातून बरा-वाईट अर्थ काढत बसू नका. समजलं नाही तर पुन्हा विचारा. तोच प्रश्न चौथ्यांदा विचारलात तरी चालेल. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा ऐकलेलं राहत नाही. कागदावर लिहून घ्या, पेन काउंटरवर आहे.

ऑपरेशन थिएटरच्या बाजूला
"दोन तासांचं ऑपरेशन" म्हणजे दोन तासांनी पेशंट बाहेर, असं नसतं. आधी तयारी आणि भूल, नंतर शुद्धीवर येईपर्यंत देखरेख, यात वेळ जातो. उशीर झाला, एवढ्यावरून काहीच ठरवू नका.

आयसीयूच्या दाराशेजारी
आत मशीनचा आवाज येत राहतो. वायर सुटली, पेशंट जरा हलला, सलाईनची बाटली संपत आली, तरी ते वाजतं. प्रत्येक आवाजाला तुमच्या छातीत धस्स होणार, ते आम्हाला कळतं. तो आवाज ऐकायला सिस्टर तिथेच आहेत.

श्वासाची नळी घातलेली असेल तर पेशंटला बोलता येत नाही. तुमच्यावर रुसलेले नाहीत ते. त्यांना कितपत ऐकू येतंय हे नेहमी कळत नाही, तरी नाव घेऊन बोला. घरचं साधंसुधं सांगा: दूधवाला आला होता, नातीची परीक्षा झाली. काही सुचलं नाही तर नुसता हात धरा, आधी सिस्टरांना विचारून.

पाण्याच्या कूलरवर
तुम्ही जेवलात म्हणून माया कमी होत नाही.
स्वतःची बीपीची, शुगरची गोळी घेतलीत का? गावाहून घाईत निघताना घरी राहिली असेल तर सिस्टरांना सांगा.

देवाच्या कोनाड्याशेजारी
देवाला मागा, देवाशी भांडा, किंवा हात न जोडता नुसतं बसा. इथे कोणी काही विचारणार नाही.

मोबाइल चार्जिंगपाशी
प्रत्येक फोन उचलायला हवा असं नाही. एखाद्या भाच्याला सांगा, "बाकीच्यांना तू कळव." "अजून काही कळलं नाही" एवढं उत्तर पुरतं.

जिथे भावंडं उभी राहून बोलतात तिथे
"आधीच आणायला हवं होतं." हे वाक्य इथे रोज कोणीतरी म्हणतं. तेव्हा जे दिसत होतं, त्यावरूनच तुम्ही ठरवलंत. आज कळलेलं तेव्हा कळलेलं नव्हतं. एकमेकांना आज नका विचारू.

बिलाच्या खिडकीजवळ
पैशांबद्दल विचारण्यात लाज नाही. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांमध्ये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा आर्थिक दुर्बल रुग्णांसाठी राखीव असतात. तुम्हाला काय लागू होतं ते समाजसेवा अधिकारी सांगतील. पहिल्याच दिवशी भेटा, दागिने मोडायच्या आधी.

खाली, लहान मुलांच्या उंचीवर
आजी तुझ्यामुळे आजारी पडलेली नाही. आई आज चिडली तर तीही तुझ्यामुळे नाही. तुला काय विचारायचंय ते विचार. रंगाच्या पेट्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत.

बेसिनच्या आरशावर
रडू आलं तर रडा, मग तोंड धुवा. पुन्हा आलं तर पुन्हा. (पुरुषांच्या बाजूलाही हीच पाटी आहे.)

रात्रीच्या दिव्याखाली
एकानं जागावं, बाकीच्यांनी पडावं. तुमचा मोबाइल नंबर काउंटरवर लिहिलेला असला की झोप लागली तरी काही चुकत नाही. मन फारच घाबरं झालं आणि बोलायला कोणी नसेल तर १४४१६ लावा. ही सरकारी टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास आणि मोफत. मराठीत बोला.

लिफ्टपाशी
घरी जाऊन अंघोळ करून येणं म्हणजे आपल्या माणसाला सोडून जाणं नव्हे. नंबर देऊन जा. चप्पल बाकाखाली राहते बऱ्याच जणांची, तेवढी बघा.