उत्तर झाकून सोडवा

आदरणीय गुरुजन आणि दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

दोन वर्षांपूर्वी मी याच वर्गात बसत होते आणि माझी गणिताची वही सर्वांत नीटनेटकी समजली जात असे. तिच्यातली निम्मीअधिक उदाहरणे मी गाईडमधून जशीच्या तशी उतरवली होती, आणि त्याची किंमत मला पूर्वपरीक्षेत कळली.

वर्गसमीकरणांवरचे आगगाडीचे उदाहरण तुम्हीही पाहिले असेल: अंतर ३६० किमी, वेग ताशी ५ किमीने वाढला असता तर ४८ मिनिटे कमी लागली असती. मी उतरवलेली मांडणी अशी होती:

360/x − 360/(x + 5) = 48/60

उजवीकडे ६० ने का भागले, म्हणजे वेग ताशी असल्यामुळे मिनिटांचे तास करावे लागतात, हे मी स्वतःला विचारलेच नव्हते. पूर्वपरीक्षेत अंतर ३०० किमी होते आणि वेग ५ ने कमी झाला असता तर २ तास जास्त लागणार होते. मी पाठ असलेल्या मांडणीत नुसते आकडे बदलले, x + 5 तसेच ठेवले, आणि उत्तर २५ आले. ते पूर्णांकात आल्यामुळे मला शंकाही आली नाही. खरा वेग ताशी ३० किमी होता. २५ हा कमी झालेला वेग होता.

सोडवलेली उत्तरे वाचूच नका, असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण अडल्यावर सरांना विचारायची सोय रात्री घरी नसते आणि एखादी पद्धत पहिल्यांदा कोणाची तरी पाहूनच शिकावी लागते. मात्र पाहताना उत्तरावर कोरा कागद ठेवा. ‘मानू’पासूनची पहिली ओळ स्वतः लिहा, मग कागद एका ओळीने खाली सरकवा आणि जिथे तुमची ओळ वेगळी निघेल तिथे थांबून कारण शोधा. ते कारण शेजारी पेन्सिलीने तुमच्याच शब्दांत लिहा: ‘कमी वेग, म्हणून जास्त वेळ, मोठ्या वेळेतून लहान वजा’, ‘वेग ऋण नसतो, म्हणून हे मूळ सोडले’. असे एक उदाहरण अर्धा तास घेईल, आणि सुरुवातीला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटेल. मलाही वाटला होता. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण पुस्तक मिटून, आकडे बदलून सोडवा आणि आलेले उत्तर मूळ प्रश्नात घालून पाहा. माझे २५ मी तसे घालून पाहिले असते, तर २५ च्या वेगाने १२ तास आणि २० च्या वेगाने १५ तास, म्हणजे २ नव्हे तर ३ तासांचा फरक पडतो, हे दोन ओळींत दिसले असते.

बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांनाही गुण असतात, त्यामुळे उत्तर चुकले तरी योग्य मांडणी वाया जात नाही.

ते ३०० किमीचे उदाहरण मी फळ्यावर लिहून ठेवले आहे. मधल्या सुट्टीत मी इथेच थांबणार आहे. समीकरण मांडून झाले की मला वही दाखवा.