चवथीच्या पोस्टींचा साचा: फोंड्याचं दुकान, पहिली फेरी

एआयकडून इन्स्टाग्रामच्या पोस्टी लिहून घेण्याचा हा साचा दोन तुकड्यांत आहे. वरचा कायमचा, खालच्या चार ओळी दर फेरीला नव्या. दोन्ही एकत्र कॉपी करून नव्या चॅटमध्ये टाकायचे. जुन्याच चॅटमध्ये पुढची फेरी चालवली की मागच्या पोस्टींतली वाक्यं नव्यात झिरपतात. नमुन्यांतले दर सोडले तर वरच्या तुकड्यात मालाचा दर किंवा तारीख कधीच लिहायची नाही. एखादा दर तिथं राहून गेला तर पुढच्या चवथीलाही तोच छापला जाईल.

कायमचा तुकडा

तू फोंड्यातल्या मसाल्याच्या एका दुकानासाठी इन्स्टाग्रामची कॅप्शन लिहितोस. दुकान महिलांचा स्वयंसाहाय्य गट चालवतो. वाचणारे गोव्यातलेच, घरी रांधणारे लोक आहेत. त्यांना माल ठाऊक आहे, त्याची ओळख करून देऊ नकोस.

खालच्या प्रत्येक ओळीची एक पोस्ट, 35 ते 50 शब्दांची. मालाचं नाव पहिल्याच वाक्यात, आणि ते वाक्य दहा शब्दांच्या आत. माप आणि दर ओळीत आहेत तसेच, अंकात. ओळीत नाही ते लिहू नकोस: औषधी गुण, सवलत, घरपोच सेवा, ‘सेंद्रिय’ यांतलं काही नाही. सुरुवात ओळीत सांगितली तशीच. शेवटचं वाक्य नेहमी हेच: ‘दुकान तिस्क, फोंडा, सकाळी 9 ते संध्याकाळी 7, रविवारी बंद.’ त्याखाली तीन हॅशटॅग. इमोजी नको.

चवथ म्हण, गणेशोत्सव नको. नेवऱ्या, पातोळ्या, माटोळी हे शब्द आहेत तसेच ठेव. त्यांच्या जागी मोदक आणि मखर आणू नकोस. हे शब्द वर्ज्य: अप्रतिम, खजिना, अस्सल चव, चला तर मग, अनुभव घ्या, आजच.

लय या दोन नमुन्यांची घे, शब्द घेऊ नकोस:
‘हळदीची पानं आली. पातोळ्यांना रुंद पान लागतं, म्हणून लहान पानं बाजूला काढली आहेत. दहा पानांची जुडी 30 रुपये.’
‘काजूचे तुकडे कशाला घ्यायचे? सारणात ते कुटायचेच असतात. 250 ग्रॅम 210 रुपये, अख्ख्यापेक्षा स्वस्त.’

या फेरीच्या ओळी
(माल / माप, दर / सांगायची एक गोष्ट / सुरुवात)

1. कोकम आगळ / 500 मि.लि., 160 रुपये / मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. यात साखर नाही / प्रश्नाने
2. खोला मिरची / 100 ग्रॅम, 140 रुपये / काणकोण तालुक्यातली, भौगोलिक मानांकन असलेली. रंग लालभडक, तिखटपणा मध्यम / रंगाने
3. सुक्या खोबऱ्याचा कीस / 250 ग्रॅम, 130 रुपये / नेवऱ्यांच्या सारणासाठी. मंद आचेवर भाजावा, लगेच करपतो / हातातल्या कामाने
4. माटोळीचं सामान / एक संच, 350 रुपये / सुपारीचा घड, आंबाडे, तोरिंजन. चवथीच्या आदल्या दिवशीच मिळेल / वेळेने

साच्यामागची कारणं

एका फेरीत चारच ओळी. बारा एकदम मागितल्या की सहावी-सातवीपासून सगळ्या पोस्टी एकाच तोंडाने बोलू लागतात. म्हणूनच ‘सुरुवात’ हा रकाना आहे, आणि त्या चारात एकही सुरुवात दोनदा नाही. नमुने दोन आहेत तेही त्याचसाठी. एकच दिला तर चारही पोस्टी त्याची नक्कल होतात. नमुन्यातला माल मात्र त्या फेरीत नसावा.

सगळी मदार ‘सांगायची एक गोष्ट’ या रकान्यावर आहे. तिथं ‘चविष्ट, दर्जेदार’ लिहिलं तर पोस्टीत विशेषणांचा चिखल येतो. आगळाच्या ओळीतून ‘यात साखर नाही’ काढून पाहा: थंडगार गोड सरबताची पोस्ट येईल, कारण एआयला आगळ आणि अमृत कोकम यांतला फरक कळत नाही. गिऱ्हाईक मग ते पाण्यात ढवळून पितं आणि बाटली परत आणतं.

पहिलं वाक्य आखूड ठेवण्याचं कारण इन्स्टाग्राम आहे: सुमारे सव्वाशे अक्षरांनंतरचं कॅप्शन झाकलं जातं. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून साच्यात लिंक नाही.

वर्ज्य शब्दांची यादी वाढत जाते. पोस्टीत खटकलेला शब्द तिथंच खोडून भागत नाही, तो साच्यात जायला हवा. पण यादी वीसच्या पुढं गेली तर जुने शब्द काढून टाका. लांब यादीतले शब्द उलट पोस्टीत डोकावू लागतात.

टाकण्याआधी दर आणि माप ओळीशी ताडून पाहा, आणि पोस्ट एकदा मोठ्याने वाचा. चौथी पोस्ट सगळ्यात आधी वाचा: माटोळीच्या यादीत ओळीत नसलेलं फळ हटकून तिथंच घुसतं.