कुठे गेला रिमोट?

(दिवाणखाना. सासूबाई सोफ्यावर. हात टीपॉयवर जातो. टीपॉय रिकामा. ढोल. वीज कडाडते, खिडकी बंद असूनही.)

सासूबाई: नाही... नाही... नाऽऽही!

(कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर आदळतो. सूनबाईच्या हातातलं ताट पडतं. ते घरंगळत जाऊन थांबेपर्यंत कुणीही पापणी लववत नाही.)

सूनबाई: आई, काय झालं?

सासूबाई: रिमोट... (दीर्घ शांतता. पंख्याची घरघर.) ...गेला!

मुलगा (जिन्यावरून, कठड्याला धरून): कधी? कसा? आणि मला आत्ता सांगताय?

सासूबाई: तूच घेतलास, सूनबाई! मला मालिका बघू द्यायची नाही तुला!

सूनबाई (मंगळसूत्र मुठीत धरून): आई, मी सेल बदलले असतील, झाकणाला चिकटपट्टी लावली असेल, पण रिमोट लपवण्याचं पाप... (हुंदका) ...कधीच नाही!

मुलगा: टीव्हीवरच बटण असतं ना?

(सगळे गर्रकन वळतात. संगीत थांबतं.)

सासूबाई: उठून? मी? या घरात आजवर कुणी उठून चॅनल बदललंय?

(आजोबा येतात. कानाला काळी वस्तू.)

आजोबा: हॅलो... हॅलो... अहो, मघापासून बोलतोय, पलीकडून आवाजच नाही!

(तिघांच्या चेहऱ्यांवर आळीपाळीने कॅमेरा. पुन्हा तिघांच्या. पुन्हा.)

सासूबाई: मामंजी... तो फोन नाही!

(आजोबा दचकतात. बोट बटणावर पडतं. टीव्ही लागतो.)

टीव्हीतला आवाज: पाहत राहा, पुढील भाग उद्या.

सासूबाई: नाऽऽही!

(वीज. चित्र गोठतं.)